पुण्याला तक्रार पाठवण्याआधी

प्रिय,

ऑफिसविरुद्धच्या तक्रारीचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पाच पानांत 'छळ' हा शब्द अकरा वेळा आलाय आणि तारीख एकच, तीही मेमोची. इतकं सोसल्यावर असंच लिहिलं जातं. पण दिव्यांग आयुक्तांच्या टेबलावर हा कागद गेला तर तुझ्या ऑफिसला उत्तर द्यायला फार सोपं जाईल, म्हणून महिना-सव्वा महिना थांब.

आधी कुठे जायचं ते. बँक, रेल्वे, एलआयसी असं केंद्राचं ऑफिस असतं तर तक्रार दिल्लीला मुख्य आयुक्तांकडे गेली असती. तुझं खातं राज्य सरकारचं, म्हणजे राज्याचे दिव्यांग आयुक्त, पुण्याला चर्च रोडवर. मंत्रालय मुंबईत आणि आपलं आयुक्तालय पुण्यात, हा विनोद मला आजवर कळलेला नाही. तक्रार स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीने पाठव, आणि तक्रारीतच सुनावणी ऑनलाइन घेण्याची विनंती कर. मिळेलच असं नाही, पण न मागता तर पहाटेची इंद्रायणी नक्की.

आता मुद्दा. तुला सहा महिने पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि मोठा मॉनिटर मिळाला नाही, आणि मग 'कामात संथपणा' म्हणून मेमो मिळाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणं येतं. 'साहेबांनी मुद्दाम त्रास दिला' हे तुला सिद्ध करायचंच नाही. तीनच गोष्टी दिसल्या पाहिजेत: मला ही सोय लागते, मी ती मागितली, ती दिली गेली नाही. पहिलीला तुझं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड पुरेसं आहे. तिसरी तर मेमोतूनच दिसते. अडतं ते दुसरीपाशी.

तू तीनदा मागितलंस, पण तोंडी. मीही तसंच केलं होतं. जिन्याऐवजी तळमजल्यावर बसू द्या, असं मी वर्षभर सांगत होते, कधी चहाच्या वेळी, कधी जिन्यातच धापा टाकत. तक्रार केल्यावर ऑफिसने एका ओळीत उत्तर दिलं: 'अर्जदाराकडून अशी कोणतीही मागणी या कार्यालयास प्राप्त झालेली नाही.' खोटं म्हणावं तर कागदावर ते खरंच होतं. मग मी लेखी अर्ज दिला, आणि प्रकरण जणू त्या दिवशी सुरू झालं. आठ महिने पाण्यात गेले.

म्हणून सोमवारी एक पानी अर्ज दे. साहेबांच्या हातात नको, आवक विभागात. तुझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. 'मदत मिळावी' असं मोघम लिहू नकोस. माझ्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर टाकून द्यावा, अमुक इंचाचा मॉनिटर द्यावा, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी मूळ टंकलिखित फाइल द्यावी, असं लिही. तिसरी मागणी विसरशील म्हणून मुद्दाम सांगते. स्कॅन म्हणजे चित्र, स्क्रीन रीडरला त्यातली अक्षरं सरळ वाचता येत नाहीत. सॉफ्टवेअर मिळूनही काम तसंच अडेल, आणि मग म्हणतील, दिलं तरी हिला जमत नाही. त्याच अर्जात आधी तोंडी केव्हा, कुणाला सांगितलं तेही अंदाजे तारखांसह टाक.

एनव्हीडीए फुकट मिळतं, याचा उपयोग मागण्यापुरताच नाही. सोय दिल्याने संस्थेवर अवाजवी बोजा पडत असेल तर ती नाकारता येते, अशी पळवाट कायद्याने ठेवली आहे. फुकटच्या वस्तूचा कसला बोजा? फार तर आयटीवाले 'बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नाही' म्हणतील. मग तेच लेखी द्या म्हण.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपये. तीनच गोष्टी माग: ऑफिसच्या समान संधी धोरणाची प्रत, दिव्यांगांसाठीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, आणि त्याच्याकडच्या तक्रार नोंदवहीची प्रत. प्रत्येक सरकारी आस्थापनेला हा अधिकारी नेमावाच लागतो, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. तीस दिवसांनी 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर खट्टू होऊ नकोस. ते उत्तरच परिशिष्टात लावायचं. अधिकारी सापडला तर त्याच्याकडेही तक्रार दे, म्हणजे 'आधी आमच्याकडे आलीच नाही' हे म्हणणं संपतं.

व्हॉट्सॅपवरचे मेसेज आहेत म्हणालीस. स्क्रीनशॉट काढ, पण मूळ चॅट पुसू नकोस आणि हा फोन विकू नकोस. सहकाऱ्यांचे जबाब आत्ता मागू नकोस. ज्यांची बदली त्याच साहेबांच्या सहीने होते त्यांना पेचात टाकण्यात अर्थ नाही.

एवढं झालं की तक्रार दोन पानांत बसते: तू कोण, समोर कोण, तारीखवार काय घडलं, काय हवंय, आणि क्रमांक घातलेली परिशिष्टं. मागण्या अर्जातल्याच तीन, शिवाय मेमो मागे घेणे.

आता वेळेचं. केंद्राच्या 2017 च्या नियमांत मुख्य आयुक्तांसाठी वेळापत्रक दिलंय: समोरच्याने तीस दिवसांत म्हणणं मांडायचं, फार तर पंधरा दिवस वाढवून, आणि नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल. त्यातला 'शक्यतो' नीट वाच. माझ्या प्रकरणात नोटीस निघायलाच सात आठवडे गेले, ऑफिसने दोनदा मुदत मागितली, एका तारखेला आलेल्या कारकुनाकडे अधिकारपत्रच नव्हतं. लेखी अर्जापासून मोजले तर एकूण अकरा महिने. तू वर्ष धरून चाल. प्रत्यक्षात माझी खुर्ची मात्र पाचव्या महिन्यातच तळमजल्यावर आली, कारण नोटिशीला लेखी उत्तर देण्यापेक्षा टेबल हलवणं त्यांना सोपं वाटलं.

शेवटी मिळते ती शिफारस. आयुक्तांना साक्षीदार बोलवायला, कागद मागवायला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शिफारस झाल्यावर ऑफिसने तीन महिन्यांत कारवाई करायची किंवा का मानत नाही ते कळवायचं, एवढंच. अंतरिम स्थगितीही तिथे मागू नकोस. जुन्या कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय की आयुक्तांना तसे आदेश देता येत नाहीत. म्हणून मेमोच्या पाठोपाठ बदलीचा आदेश आला तर पुण्याची वाट पाहायची नाही, सरळ वकील गाठून मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं. तिथे आदेशापासून साधारण एक वर्षाची मुदत असते, आणि आयुक्तांकडे तक्रार चालू आहे म्हणून ती थांबते असं धरून चालू नकोस.

या सगळ्यात मेमोचं उत्तर राहायला नको. त्यावर सात दिवस लिहिलेत, त्यातले तीन गेले. दोनच परिच्छेद लिही: काम का अडलं, आणि कुठली सोय मिळाल्यास होईल. रविवारी रात्रीपर्यंत मला पाठव, मी वाचून देते. सोमवारी अर्जाबरोबर तेही आवकला जाऊ दे. शिक्के दोन वेगवेगळे घे.

तुझी,
ताई