दामदुपट: मर्यादा की कमाई?

'शेतकऱ्यांचं कर्ज आणि जोखीम यांवरच्या एका निबंधाचं भाषांतर करतेय. त्यात दामदुपट ही नैतिक मर्यादा म्हटली आहे. पण दामदुपट म्हणजे दुप्पट वसुली ना? मग नैतिक कसली?'

हा घोळ आजच्या वापरामुळे होतो. इथे पुण्यात पतसंस्थांच्या पाट्यांवर 'दामदुपट ठेव' वाचायची सवय झाल्यामुळे शब्द ऐकला की पैसे दुप्पट होणार एवढंच डोळ्यांपुढे येतं. जुना अर्थ याच्या नेमका उलटा आहे. थकलेलं व्याज मुद्दलाएवढं झालं की पुढे वाढायचं नाही, सावकाराने एका वेळी दामाच्या दुपटीपेक्षा जास्त मागायचं नाही, हा धर्मशास्त्रातून आलेला नियम. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही हिंदू ऋणकोंना तो लावत.

शंभर रुपये, दर साल दर शेकडा पंचवीस, असं धरा. काहीच फेडलं नाही तर चौथ्या वर्षाअखेर दोनशे होतात आणि व्याज तिथेच थांबतं. पण १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा तीन वर्षांच्या आतच लावावा लागे, नंतर नाही. हेतू ऋणकोच्या बाजूचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घेऊ लागले. तिसऱ्या वर्षी नव्या रोख्यावर मुद्दल १७५ लिहिलं की दुपटीची हद्द सरकली ३५० वर. आणखी तीन वर्षांनी मुद्दल ३०६. नियम मोडला नाही, पण उरलाही नाही. १८७५च्या मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांकडून रोखे आणि वह्या ओढून घेऊन जाळल्या, त्यात मला हाच हिशेब दिसतो. मुद्दल कागदावर वाढत होतं, म्हणून राग कागदावर निघाला.

तरीही निबंधकाराशी मी पूर्ण सहमत नाही. राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी १९७६मध्ये मांडलेल्या नैतिक अर्थव्यवहारात शेतकरी विचारतो, 'घरात काय उरलं?' जास्त नफ्याच्या पिकापेक्षा पडत्या सालातही पोटाला देईल ते पीक तो धरतो. उपास पडायची भीती असताना सरासरी उत्पन्नाचा हिशेब त्याच्या कामाचा नसतो. दामदुपट मात्र विचारते, 'कर्ज किती फुगलं?' दुष्काळी साली कणगी रिकामी असली तरी दुपटीपर्यंतचं देणं उभंच राहतं. म्हणजे ती वसुलीला घातलेली हद्द आहे, पोटाची हमी नाही.

भाषांतरात नुसतं 'दामदुपट' ठेवू नका. 'दामदुपटीची मर्यादा' लिहा. 'मर्यादा' शब्द सुटला की वाचकाला पतसंस्थेची पाटीच आठवेल. आणि 'सबसिस्टन्स'साठी 'निर्वाह'पेक्षा 'पोटापुरतं' घ्या, कारण सालाच्या हिशेबात शेतकरी तोच शब्द वापरतो.