म्हण एक, प्रसंग एक: भाषणाच्या सुरुवातीविषयी

प्रश्न : आमच्या शाळेने मला माजी विद्यार्थी म्हणून दहावीच्या निरोप समारंभात बोलायला बोलावले आहे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीने सुरुवात करून, वडील गेल्यानंतर मी कसा शिकलो ते सांगायचे असे ठरवले आहे. पण लिहायला बसलो की सुरुवातच दोन पानांची होते आणि वाचताना आवाज अडतो. सुरुवात नेमकी कशी लिहावी?

उत्तर : दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकिगत सांगतो. ती त्यांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून सांगत आहे. त्यांचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे. ज्या आय.टी.आय.मध्ये ते टर्नरचे, म्हणजे फिरता धातू हत्याराने कापून घडवणाऱ्या लेथ मशीनचे, काम शिकले, तेथील नव्या प्रशिक्षणार्थींपुढे त्यांना दहा मिनिटे बोलायचे होते. झोप लागत नाही म्हणून ते माझ्याकडे आले होते, आणि भाषणाचा कागद खिशात होता.

मी त्यांना तो मोठ्याने वाचायला सांगितला आणि घड्याळ लावले. ‘आदरणीय व्यासपीठ’पासून सुरुवात झाली, मग तुम्ही निवडलेलीच म्हण, मग तिचा अर्थ, त्याच अर्थाच्या आणखी दोन म्हणी, आणि नंतर वडिलांचे आजारपण, कर्ज, रात्रपाळी. पाच मिनिटे झाली तरी सुरुवात संपली नव्हती, आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसापाशी त्यांचा आवाज थांबला.

मी आधी म्हणीविषयी बोललो. ‘टाकीचे घाव’ ही म्हण दुसऱ्या कोणाविषयी बोलताना शोभते. वक्ता ती स्वतःच्या कहाणीला जोडतो, तेव्हा घाव सोसून देवपणाला पोहोचलेली मूर्ती तोच ठरतो, आणि समोर बसलेली मुले अजून दगडच राहतात. त्या गृहस्थांच्या मनात असे काहीही नव्हते, परंतु म्हण कोणाला कोणत्या जागी बसवते हे वक्त्याच्या हेतूवर अवलंबून नसते. म्हणून म्हण निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: या म्हणीत मी कोण आहे?

त्यानंतर मी त्यांना विचारले की आय.टी.आय.च्या वर्कशॉपमध्ये आपण चुकलो, असा एखादा दिवस आठवतो का. ते हसले आणि एका सळईची गोष्ट सांगू लागले. ती सांगताना त्यांचे हात जणू लेथच्या डायलवर असल्यासारखे फिरत होते. प्रसंग हाच, हे मला तेव्हाच कळले. एक जागा, एक दिवस, दोन माणसे आणि एक वस्तू एवढेच त्यात होते, आणि जे घडले ते एका कृतीत घडले होते. वडिलांच्या कहाणीत पाच वर्षे होती, आणि पाच वर्षे मिनिटभरात सांगायला गेले की प्रसंग उरत नाही, नुसती यादी उरते.

म्हण त्या प्रसंगातूनच निघाली: ‘नाचता येईना अंगण वाकडे.’ ही म्हण जपून वापरावी लागते, कारण मुलांकडे बघून ती सरळ उच्चारली तर तो टोमणा होतो. आधी प्रसंग सांगितला आणि बोट स्वतःकडे वळवले, तरच तिच्यातला डंख जातो. म्हणून आम्ही म्हण शेवटी ठेवली. तिसऱ्या भेटीत तयार झालेली सुरुवात अशी होती:

“नमस्कार. तुम्ही बसला आहात त्याच्या पलीकडच्या शेडमध्ये मी लेथ शिकलो. पहिल्या महिन्यात सरांनी २६ मिलिमीटर व्यासाची सळई दिली आणि २५ची करायला सांगितली. एक मिलिमीटर कमी करायचा, म्हणून मी डायल एक मिलिमीटर फिरवली. मोजलं तर २४. सळई वाया गेली. मी म्हणालो, ‘सर, मशीन बिघडलंय.’ सर काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरी सळई त्याच मशीनला लावली, डायल अर्धा मिलिमीटर फिरवली आणि झालेला जॉब माझ्या हातात दिला. मोजला. २५. हत्यार जेवढं आत जातं, त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो, कारण सळई फिरत असते आणि सगळीकडून कापली जाते. मशीन बरोबर होतं. माझी आजी अशा वेळी एक म्हण म्हणायची. नाचता येईना…”

येथे त्यांनी थांबायचे होते. उरलेले दोन शब्द मुलांनी म्हणायचे होते. म्हण सगळ्यांना पाठ असते हा दोष समजून लोक तिचा अर्थ सांगत बसतात, वास्तविक अर्धी सोडता येते ती पाठ असते म्हणूनच. सभेत मराठी घरची भाषा नसलेली मुले बरीच असतील, तर मात्र ती पूर्ण म्हणावी. हिंदीत ‘नाच न जाने आँगन टेढ़ा’ अशी तिची सख्खी बहीण आहे, त्यामुळे त्यांनाही ती परकी वाटत नाही.

रंगीत तालीम त्यांनी वर्कशॉपमधल्या दोन मुलांपुढे केली आणि दोन चुका सापडल्या. अर्धी म्हण सोडल्यावर शांतता सहन न होऊन ते लगेच स्वतःच ती पूर्ण करत होते, आणि पाठोपाठ ‘म्हणजेच मित्रांनो’ असे म्हणून तात्पर्य सांगू लागत होते. पहिल्या चुकीवर मी त्यांना मनात तीन आकडे मोजायला सांगितले. दुसरीवर उपाय म्हणून ‘म्हणजेच’ हा शब्द खोडून त्या जागी पुढच्या भाषणाचे पहिले वाक्य लिहिले: “त्या दिवसापासून काम बिघडलं की मी मशीनच्या आधी तीन गोष्टी तपासतो.” या वाक्याने सुरुवात संपते आणि विषय सुरू होतो, त्यांचे उरलेले भाषण या तीन गोष्टींवरच होते. समारंभानंतर त्यांचा फोन आला. मागच्या रांगेतून ‘अंगण वाकडे’ आले आणि पुढची मुले वळून बघू लागली, एवढेच ते दोनदा सांगत राहिले.

आता तुमच्या कागदाविषयी. आज रात्री म्हण बाजूला ठेवा आणि त्या शाळेतला, तुम्ही चुकलात किंवा अडलात असा एकच दिवस लिहा. जागा कोणती होती, हातात काय होते, कोण काय बोलले, एवढेच लिहा. नंतर त्या प्रसंगाला लागू पडणारी म्हण शोधा. बहुधा ती तुमच्या घरात कोणीतरी म्हणत असेल. मोठ्याने वाचून दीड मिनिटाच्या पुढे गेले, तर विशेषणे आधी काढा.

वडिलांविषयी मात्र मला काळजीने सांगायचे आहे. सांगताना आवाज जड होणे आणि आवाज अडणे यांत फरक आहे. जड झालेला आवाज पुढे जातो आणि ऐकणारा सोबत येतो. अडलेल्या आवाजापुढे पंधरा वर्षांची मुले घाबरतात, खाली बघतात आणि तुम्हाला सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडते. त्या गृहस्थांशी वडिलांविषयी आम्ही भाषणानंतर चार बैठका बोललो. ते दुःख व्यासपीठावर नेण्याआधी त्याला स्वतंत्र वेळ हवा होता आणि समोर ऐकायला एकच माणूस हवे होते. तुमच्याजवळ असे माणूस असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन बसा. नसेल, तर मला पुन्हा लिहा. त्या पत्रात भाषणाचा विषय नसला तरी चालेल.