गिफ्ट कार्डावरचे उरलेले १,८०० रुपये

प्रश्न : वकील मॅडम, माझ्या मावशीने माझ्या लग्नात एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाचं ५,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं. तिने ते २ फेब्रुवारी २०२५ला घेतलं होतं. मी पहिल्यांदा नेलं तेव्हा काउंटरवर ‘कार्ड सुरूच झालेलं नाही’ म्हणाले. मावशीचं बिल दाखवल्यावर ९ मार्चला त्यांनी ते सुरू करून दिलं. दिवाळीच्या खरेदीत, १७ ऑक्टोबरला, ३,२०० रुपये त्यातून गेले. उरलेले १,८०० दुकानाच्या वेबसाइटवर वापरायला गेलो तर लागूच होत नाहीत. कस्टमर केअरवाले आधी म्हणाले, कार्ड एकदाच वापरता येतं. दुसऱ्या वेळी म्हणाले, मुदत सहा महिन्यांची होती, ती ऑगस्टमध्ये संपली. पैसे बुडाले का? एवढ्याशा रकमेसाठी काही करता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पैसे बुडाले असं मला वाटत नाही. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्याकडेच आहे, तो म्हणजे १७ ऑक्टोबरचं बिल. मुदत ऑगस्टमध्ये संपली असेल तर ऑक्टोबरमध्ये त्याच कार्डातून ३,२०० रुपये कसे घेतले? आणि कार्ड एकदाच वापरायचं असतं तर बिलावर शिल्लक छापायचं कारणच काय? बहुतेक दुकानांच्या बिलावर ‘गिफ्ट कार्ड शिल्लक’ अशी ओळ तळाशी येते. ती आहे का ते आज बघा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. हे बिल उष्णतेने छापलेल्या कागदावर असतं, वर्षभरात अक्षरं उडून जातात.

आता कार्ड उलटं करा. तुमचा पुढचा सगळा मार्ग मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर ठरणार आहे. पुढे दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी कार्ड काढणारी कंपनी बऱ्याचदा वेगळीच असते, एखादी बँक किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली प्रीपेड कंपनी. तसं असेल तर मागे त्या कंपनीचं नाव असतं आणि बहुधा रिझर्व्ह बँकेचा उल्लेखही असतो. कार्ड स्वतः दुकानानेच काढलं असेल आणि ते फक्त त्याच दुकानाच्या शाखांत चालत असेल, तर कायद्याच्या भाषेत ते ‘बंद पद्धतीचं’ साधन ठरतं. अशा कार्डाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नसते, आणि म्हणून तिचे नियमही त्याला लागू होत नाहीत.

पहिल्या प्रकारचं कार्ड निघालं तर बाजू तुमची आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये प्रीपेड साधनांसाठी जे निर्देश काढले, त्यांत किमान मुदत एक वर्षाची आहे, आणि ती मोजायची शेवटची रक्कम भरल्यापासून. गिफ्ट कार्डात रक्कम एकदाच भरली जाते, पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे सवाल एवढाच उरतो की तुमच्या कार्डात पैसे नेमके कधी भरले गेले.

इथेच तुमचा तो मार्चचा हेलपाटा कामी येतो. दुकानात टांगलेलं कार्ड म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. कॅशियरने त्याचा बारकोड स्कॅन करून पैसे घेतले, आणि त्या क्षणी कंपनीच्या सर्व्हरवर त्या क्रमांकापुढे रक्कम लिहिली गेली, की मगच ते कार्ड होतं. गर्दीच्या दिवशी बिल होतं पण हे दुसरं पाऊल राहून जातं किंवा नेट गेल्यामुळे अर्धवट राहतं. तुमच्या मावशीच्या बाबतीत तेच झालेलं दिसतं. म्हणजे त्यांनी पैसे २ फेब्रुवारीला दिले तरी कार्डावर रक्कम ९ मार्चला चढली. एक वर्ष तिथून मोजलं तर ९ मार्च २०२६च्या आधी मुदत संपूच शकत नाही. फेब्रुवारीपासून सहा महिने मोजून सांगितलेला ऑगस्ट या कार्डाला बसतच नाही. त्या दिवशी काउंटरवरून मिळालेली चिठ्ठी किंवा मोबाइलवर आलेला ‘कार्ड सुरू झालं’ असा संदेश शोधा. नसेल मिळत तर कंपनीकडे कार्डाच्या व्यवहारांची नोंद लेखी मागा. त्यात भरणा, वापर आणि शिल्लक तारखेसह येते.

मुदत खरोखर संपली असती तरी पहिल्या प्रकारच्या कार्डात पैसे कंपनीच्या खिशात जात नाहीत. कार्डधारकाने मागितलं तर गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून द्यायची, हवं तर नवं कार्ड काढून द्यायचं, असं ते निर्देश सांगतात. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने ग्राहकाला संदेश किंवा ईमेल करून सावध करायचं असतं. आणि बँक नसलेली कंपनी मुदत संपल्यानंतर किमान तीन वर्षं ती शिल्लक आपल्या नफ्यात वळवू शकत नाही. मुदतीनंतर धारकाने परत मागितली तर बँक खात्यात द्यावी लागते. मुदत चालू असताना मात्र गिफ्ट कार्डातून रोख मिळत नाही, तो हट्ट काउंटरवर धरू नका.

कार्ड दुकानाचंच निघालं तर? मग सहा महिन्यांची मुदत रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रद्द होत नाही. तेव्हा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चा. कार्ड घेताना मुदत आणि ‘एकदाच वापर’ ही अट मावशीला दिसेल अशी सांगितली होती का, हा तिथला मुख्य मुद्दा. पूर्ण पैसे आधी घेऊन, न सांगितलेल्या अटीवर उरलेली रक्कम खाणं म्हणजे सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, असं आपण म्हणू शकतो. कार्डावर अट स्पष्ट छापलेली असेल तर लढत अवघड होते, हे आधीच सांगते. तरीही ऑक्टोबरचं बिल तुमच्या बाजूने राहतंच, कारण दुकानाने स्वतःच मुदतीची अट पाळलेली नाही. एक बारकावा लक्षात घ्या : ‘हा करारच अन्यायकारक आहे’ अशी मांडणी केलीत तर प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात चालणार नाही, कायद्याने तो अधिकार राज्य आयोगाला दिला आहे. म्हणून अर्जात शब्द त्रुटीचे आणि अनुचित प्रथेचे ठेवा.

कार्ड मावशीने घेतलं, तक्रार तुम्ही करता, हा आक्षेप घेतला गेला तर घाबरू नका. सेवा घेणाऱ्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही कायद्याने ग्राहकच असतो. तरी मावशीकडून दोन ओळींचं संमतिपत्र आणि तिच्या बिलाची प्रत घेऊन ठेवा.

तक्रारीआधी एक गोष्ट तपासा, कारण ‘लागू होत नाही’ या एका वाक्यामागे वेगवेगळी कारणं असतात. कार्ड काढणाऱ्याच्या संकेतस्थळावर कार्ड क्रमांक आणि खरवडून काढलेला पिन टाकून शिल्लक बघा. १,८०० दिसले तर पैसे आहेत, अडचण वेबसाइटच्या बाजूला आहे. काही कार्डं फक्त दुकानात चालतात. काही वेबसाइटवर बाहेरच्या विक्रेत्यांच्या मालाला चालत नाहीत. काही ठिकाणी शिल्लक बिलापेक्षा कमी असेल तर उरलेले पैसे यूपीआयने भरायचा पर्याय आधी निवडावा लागतो, नाहीतर अख्खा व्यवहार नाकारला जातो. अशा वेळी तेच कार्ड दुकानात नेऊन पाहा, तिथे चाललं तर वाद संपला. शिल्लक १,८००पेक्षा कमी आणि तुमच्या फसलेल्या प्रयत्नाइतकीच घटलेली दिसली तर पैसे मध्येच अडकलेत. रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतलं कार्ड असेल आणि व्यवहार कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेतला असेल तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. शिल्लक शून्य दिसली आणि तुम्ही काही घेतलेलं नसेल तर कुणीतरी पिन वापरला आहे. मग थांबू नका, १९३० क्रमांकावर सायबर तक्रार त्याच दिवशी करा. प्रत्येक पडद्याचा तारीख-वेळेसह फोटो घ्या. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका, कार्डावर छापलेलाच वापरा, आणि पिन कुणालाही सांगू नका.

आता फोन पुरे, ईमेल करा. तो कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, प्रत दुकानाला. मजकूर साधारण असा ठेवा :

‘कार्ड क्रमांक (शेवटचे चार अंक) ….. हे २.२.२०२५ रोजी ५,००० रुपये देऊन घेतले. आपल्या काउंटरवर ते ९.३.२०२५ रोजी सुरू झाले. १७.१०.२०२५ रोजी त्यातून ३,२०० रुपये स्वीकारण्यात आले, बिल सोबत जोडले आहे. शिल्लक १,८०० रुपये आपण नाकारत आहात. त्यासाठी दोन वेळा दोन वेगवेगळी कारणे देण्यात आली. कार्डाच्या सर्व व्यवहारांची नोंद द्यावी, आणि शिल्लक वापरण्याजोगी करावी किंवा कार्डाची मुदत वाढवून द्यावी. मुदत संपली असे आपले म्हणणे असल्यास रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी पुढील तक्रार करीन.’

तीस दिवस हा आकडा उगाच नाही. रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतल्या कंपनीने तेवढ्यात तक्रार सोडवायची असते. तसं झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. शुल्क नाही, वकील नको. फक्त त्याच विषयावर ग्राहक आयोगात आधीच प्रकरण टाकलेलं असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम सांभाळा.

दुकानाचं स्वतःचं कार्ड असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि एवढ्या रकमेचे वाद कित्येकदा तिथेच मिटतात. न मिटल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करायचा हक्क २०१९च्या कायद्याने दिला आहे, दुकानाचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की बंगळुरूला. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, अर्ज e-jagriti.gov.in वर भरता येतो, आणि स्वतः उभं राहून बोलता येतं. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, तुमचे पैसे पहिल्यांदा नाकारले त्या दिवसापासून. १,८०० रुपयांबरोबर मानसिक त्रासाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. पन्नास हजार मागून अर्ज हलका करू नका.

कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि १७ ऑक्टोबरचं बिल मला पाठवा. कार्ड कुणी काढलं ते बघून ईमेल नेमका कुणाला जायला हवा ते सांगते.