मॅनेजरला निदान शिकवू नकोस

प्रिय डॉक्टर,

मॅनेजरांसाठीच्या मानसिक आरोग्य कार्यशाळेतल्या तुझ्या उद्घाटनाच्या भाषणाचा मसुदा मिळाला. वीस मिनिटांच्या भाषणाला अडतीस स्लाइड! पहिल्याच स्लाइडवर जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. त्या आकड्याचं शिफ्ट इन्चार्जने काय करायचं? त्याला उद्या सकाळी चाळीस माणसांकडून काम करून घ्यायचं आहे. सातव्या स्लाइडवर नैराश्याची नऊ लक्षणं आहेत. आणि मेलच्या शेवटी तू विचारलंस, "सर, लक्षणं काढली तर मॅनेजरना ओळखता कसं येणार? ठेवली तर तेच डॉक्टर होऊन बसतील. मग सांगू तरी काय?"

बदल सांग. मॅनेजरने बदल टिपायचा, त्याला नाव द्यायचं नाही. पूर्ण भाषण या एका वाक्यावर उभं राहू दे.

मी हे इतक्या हट्टाने का म्हणतो ते ऐक. कितीतरी वर्षं मीही ती यादी वाचून दाखवायचो. उदास मन, कशातच रस नसणं, झोप, भूक, थकवा, सगळं क्रमाने. माणसं भराभर लिहून घ्यायची आणि मला वाटायचं, काम झालं. अशाच एका कार्यक्रमानंतर तीन आठवड्यांनी एका कारखान्यातला प्रेस ऑपरेटर माझ्याकडे आला. अकरा वर्षं स्वच्छ नोकरी. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या मशीनवरचा खराब माल वाढला होता, तो उशिरा येत होता, डबा एकटाच खात होता. माझं भाषण ऐकलेल्या सुपरवायझरने हे सगळं अचूक टिपलं. आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला, "याला डिप्रेशन आहे, डॉक्टरांनी सांगितलं तस्संच." दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी मशीनवर उभं राहू देईना. तपासणीत निघालं काय? थायरॉइडचं काम मंदावलेलं. थकवा, सुस्ती, लक्ष न लागणं, सगळं त्यातूनही येतं. गोळी सुरू झाली, महिन्या-दोन महिन्यांत तब्येत सावरली. शॉपमध्ये मात्र तो "डिप्रेशनवाला" राहिला तो राहिलाच. शेवटी त्याने नोकरी सोडली.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातात ते हत्यार मी दिलं होतं.

आता तू म्हणशील, एका प्रसंगावरून सर अडून बसले. कार्यशाळांचे आयोजकही म्हणतात की माझं भाषण फार साधं असतं. असू दे. नऊपैकी किमान पाच लक्षणं, किमान दोन आठवडे, त्यात उदासी किंवा रस जाणं यांपैकी एक हवंच, आणि दारू, औषधं किंवा दुसरा आजार कारण नाही याची खात्री. एवढं ठरवायला आपल्याला समोर बसलेला माणूस आणि भरपूर वेळ लागतो. ते शॉप फ्लोअरवर उभ्या उभ्या कसं होणार? उलट मॅनेजरकडे जे आहे ते आपल्याकडे कधीच नसतं. त्याने तो माणूस अकरा वर्षं रोज पाहिलेला असतो. आपल्याला आज दिसतो तो गप्प माणूस मुळातच गप्प आहे की आता गप्प झालाय, हे त्यालाच माहीत. ऑफिसातही तेच. वेळेवर उत्तर देणारी मुलगी मेलला उत्तरच देत नाही, किंवा एरवी नेमकं बोलणारा माणूस पहाटे तीनला लांबलचक मेल पाठवू लागतो. तुलना त्या माणसाची त्याच्याशीच करायची, शेजारच्याशी नाही. हे बदल दोन-तीन आठवडे टिकले तर बोलायचं. मरणाची भाषा कानावर आली तर एक दिवसही थांबायचं नाही.

बोलायचं कसं, यासाठी निम्मा वेळ दे. लाइनवर नाही, शिफ्ट सुटताना नाही. वेगळ्या खोलीत, दार लावून, हातात मेमो न घेता. "काही टेन्शन आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "नाही साहेब." त्याऐवजी जे पाहिलं तेच सांगायचं: "गेल्या तीन आठवड्यांत तू चार वेळा उशिरा आलास. तुझ्या मशीनवर माल खराब होतोय. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. काय चाललंय?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मॅनेजरना सगळ्यात जड जातं. स्टेजवर घड्याळ लावून दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसव, म्हणजे त्यांना कळेल दहा सेकंद किती असतात.

"मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, हेही बजाव. जिवाचा प्रश्न आला तर ते मोडावं लागतं. "जीव नकोसा झालाय" असं कोणी म्हणालं तर सरळ विचारायचं, "जीव देण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. तेव्हाही नाव द्यायचं नाही, फक्त सोबत जायचं.

उपचार सुरू झाल्यावरचं बोलणं तुझ्या मसुद्यात अजिबात नाही, आणि खरी गडबड तिथेच होते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. मॅनेजर आठव्या दिवशी विचारतो, "अजून तसाच कसा?" काही गोळ्यांनी सुरुवातीला गुंगी येते. त्या दिवसांत प्रेस, क्रेन किंवा फोर्कलिफ्टवर ठेवायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं, आणि ठेवायचं नसेल तर कारण चारचौघांत न सांगता दुसरं काम द्यायचं. रात्रपाळीचंही बघायला सांग. बायपोलर आजार असलेल्या माणसाची झोप चार-दोन रात्री मोडली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. मॅनेजरला आजाराचं नाव कळायची गरजच नाही. "रात्रपाळी नको" एवढी डॉक्टरांची चिठ्ठी पुरे.

आणि एक गोष्ट आयोजकांना आवडणार नाही. कधी कधी बदलाचं कारण मॅनेजरच असतो. तीन माणसांचं काम एकावर टाकलेलं, सुट्टी नाकारलेली, रोज सगळ्यांसमोर पाणउतारा. एकाच माणसात बदल दिसला तर त्याच्याशी बोलावं. एकाच टीममधले चौघे बदलले तर आधी कामाची वाटणी तपासावी. तिथे आपली गोळी कामाची नाही. हे पहिल्या पाच मिनिटांत म्हण, नाहीतर पुढे हिंमत होत नाही. माझी झाली नव्हती.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. आकडे काढ, लक्षणांची यादी काढ. भाषण झाल्यावर लगेच निघू नकोस. सभागृह रिकामं झाल्यावर कोणीतरी "आमच्याकडच्या एका माणसाबद्दल विचारायचं होतं" म्हणत जवळ येईल. त्या माणसाचं नाव सांगू नका म्हण, आणि त्याच्यात काय बदललं ते विचार.

तुझा,
सर