खूश ग्राहकाकडून अभिप्राय कसा मागावा?

"कोथरूडमध्ये मॉड्युलर किचनची कामं करतो. ग्राहक 'लिहून देतो' म्हणतात, पण देत नाहीत. कसं मागू?"

लिहायला सांगूच नका. त्यांनी व्हॉट्सॲपवर आधीच केलेलं कौतुक वापरायची परवानगी मागा. "काकू, 'ओट्याखालचे ड्रॉवर आता सासूबाईंनाही सहज ओढता येतात' हे तुमचं वाक्य वेबसाइटवर टाकू का? नाव नको असेल तर नुसतं 'कोथरूड' लिहितो." मी फ्रीलान्स कामांसाठी असंच मागतो. लोक अडतात ते कोऱ्या कागदापाशी, इथे नुसतं 'हो' म्हणायचं असतं. तसा मेसेज नसेल तर फोनवर एकच विचारा, "आधी काय अडत होतं?" आणि त्यांचेच शब्द टिपून दाखवा. 'अप्रतिम सेवा' कुणी वाचत नाही. गूगल रिव्ह्यू मात्र त्यांनीच लिहायला हवा. त्याबदल्यात सवलत देणं गूगलच्या नियमात बसत नाही.