सफाईनं दात हलले?

प्रश्न: जालन्यात बायकोचा दातांचा दवाखाना आहे. रील टाकतो, पण कुणी थांबतच नाही. सुरुवातीला बोलायच्या दहा-बारा जबरदस्त ओळी सांगाल का?

दहा-बारा नाहीत माझ्याकडे. एकच आहे, आणि तिच्यापायी मी माझ्या दिराशी वर्षभर भांडलेय. परभणीत माझा दवाखाना आहे. भाऊजी पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात. तेव्हा घरचाच माणूस म्हणून पहिल्या रील त्यांच्याकडूनच करून घेतल्या. आधी फिरणारा लोगो, मग मी पांढऱ्या कोटात, हात जोडून: "नमस्कार, मी डॉक्टर अमुक, आपले सर्वांचे स्वागत करते." एवढं होईस्तोवर सहा सेकंद गेलेले. आकडे उघडून किती जण कुठवर टिकले तो आलेख पाहिला, तर माझा नमस्कार पुरा व्हायच्या आत रेघ घसरगुंडीसारखी खाली. जे उरले त्यात माझ्या माहेरचे बरेच असावेत.

भाऊजींचं म्हणणं, लाइट वाढवू, हिंदीत बोला, आणि वहिनी, जरा स्टँडर्ड ठेवा. माझं म्हणणं होतं की ज्याचा दात दुखतोय त्याला माझं नाव ऐकायची घाई नाही.

त्याच आठवड्यात गंगाखेडकडच्या एक मावशी खुर्चीत बसल्या. दातावर कीटण इतकं की खालचे पुढचे चार दात एकमेकांना चिकटून एकच पाटी झालेली. सफाई करू म्हटलं तर तोंडच मिटलं. "नको बाई. आमच्या जावंनं केली, तवापासून तिचे समदे दात हलायलेत." हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतेय, आठवड्यातून दोनदा तरी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हीच तर सुरुवात आहे.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर पोराला फोन धरायला लावला आणि कॅमेरा सुरू झाल्या झाल्या बोलले: "सफाई केली अन् दात हलायलेत." नमस्कार नाही, नाव नाही. तेच वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरात, दोन ओळींत, कपाळाच्या उंचीला. खालच्या भागात नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं, त्यामुळे तिथं लिहिलेलं झाकलं जातं. आणि लिहिणं भागच आहे, कारण बसमध्ये, बँकेच्या रांगेत लोक आवाज बंद करून बघतात. वाक्य सहा-सात शब्दांचं हवं. आपण बोलतो त्या वेगानं तेवढेच शब्द तीन सेकंदांत बसतात. बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा कापून टाकायचा.

लोक थांबले. खाली दीडशेवर प्रतिक्रिया, त्यातल्या निम्म्या "अगदी बरोबर मॅडम". मी हवेत. भाऊजींना स्क्रीनशॉट पाठवला, तोही दोनदा.

मग चार-पाच दिवसांनी जिंतूरहून एका गुरुजींचा फोन. सफाईची वेळ रद्द करा म्हणाले. का, तर "तुम्हीच व्हिडिओत सांगितलंत की दात हलतात म्हणून."

मी गार. आलेख पुन्हा उघडला. पहिल्या तीन सेकंदांत माणसं आधीपेक्षा खूप जास्त टिकली होती, पण खुलासा सुरू व्हायचा बाराव्या सेकंदाला, आणि तोवर निम्मे पुढे सरकलेले. म्हणजे त्या "अगदी बरोबर" वाल्यांनी माझं उत्तर ऐकलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यातला गैरसमज मी कोट घालून, डॉक्टर म्हणून पक्का करून दिला होता. दाताच्या व्हिडिओत हा खड्डा सगळ्यांत मोठा आहे आणि ओळी विकणारे कुणी तो दाखवत नाहीत. गैरसमज तसाच्या तसा बोलून थांबलात, तर निघून जाणारा माणूस तोच घेऊन जातो.

मग वाक्य बदललं: "सफाईनं दात हलले? ते आधीच हलत होते." शब्द सातच, पण उलटा झटका पहिल्या तीन सेकंदांतच. इथं सोडून गेलेला माणूस निदान खरं घेऊन जातो. आणि न जाणाराही बराच असतो, कारण "आधीच" ऐकल्यावर त्याला कसं काय ते हवं असतं. ते लगेच चौथ्या सेकंदाला द्यायचं, लोगो मध्ये आणायचा नाही. दातावरचा मऊ थर रोज निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी दगड होतो. खालच्या पुढच्या दातांमागं तो सगळ्यांत जास्त, कारण लाळेची तोंडं तिथंच उघडतात. त्याच्या आसऱ्यानं हिरडी सुजते आणि आतलं हाड हळूहळू झिजतं. हाड गेल्यावर दात ढिला होतो, पण बाहेरून कीटणानं त्याला शेजाऱ्याशी बांधून ठेवलेलं असतं. कीटण काढलं की बांधणी सुटते, फटी दिसतात, आणि नाव सफाईचं खराब होतं. माझ्याकडं दातांचा प्लास्टिकचा नमुना आहे, त्याच्या खालच्या दातांमागं मी कणीक चिकटवते आणि कॅमेऱ्यासमोर खरवडून काढते. खरं रक्त, काढलेला दात दाखवू नका. माणूस किळसेनं अंगठा सरकवतो, आणि ते शोभतही नाही.

गुरुजींना तो दुसरा व्हिडिओ स्वतः पाठवला. आले. थंड पाण्यानं आठवडाभर ठणकेल हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे पुन्हा फोन नाही.

तुम्हाला दुसरी ओळ हवीच असेल तर गुटखेवाल्यांसाठी: "तीन बोटं उभी तोंडात घाला. जातात?" बघणारा खरंच घालून बघतो, पानटपरीवर उभ्या उभ्या. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जात नसतील तर तोंड कमी उघडतंय, आणि सुपारी-गुटखा खाणाऱ्यात त्याचं नेहमीचं कारण गालाची आतली कातडी घट्ट होत जाणं हे असतं. पुढं कॅन्सरचा धोका त्यातूनच. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि माझ्याकडं दर आठवड्याला दोन बोटांची पोरं येतात, बंदीचं काय ते तुम्ही समजून घ्या. पण तीन बोटं म्हणजे निदान नव्हे. अक्कलदाढ सुजली तरी तोंड उघडत नाही. "तपासून घ्या" एवढंच म्हणायचं, "कॅन्सर आहे" म्हणून भीती घालायची नाही. भीतीनं माणूस थांबतो, दवाखान्यात येत नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. दंतपरिषदेची 2014 ची आचारसंहिता आहे, रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणं तिला मंजूर नाही. बायकोला एकदा वाचायला लावा. "परभणीत सगळ्यांत स्वस्त", "अजिबात न दुखता" असल्या ओळी म्हणूनच मी लावत नाही. शिवाय दुखतंच थोडं.

ओळी नेटवर शोधू नका. तुमच्या दवाखान्यात चिठ्ठी फाडणारी जी कुणी ताई असेल तिला एक वही द्या, आणि पेशंट खुर्चीत बसायच्या आधी जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा. "हलत आहेत" असं सुधारून लिहू नको म्हणावं. भाऊजींनी माझ्या व्हिडिओतलं "हलायलेत" बदलून "हलू लागले आहेत" केलं होतं, मी परत "हलायलेत" केलं. गेल्या दिवाळीत ते खुर्चीत बसले होते. सफाई झाल्यावर खालच्या दातांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "वहिनी, हे हलायलेत की."