सुतार मोजतो समोरून, पैसे जातात सपाट फळीला

प्रश्न: राजारामपुरीत आमचा वन बीएचके आहे. हॉलच्या 10 फुटी भिंतीवर 8 फूट उंच टीव्ही युनिट करायचं आहे, भरपूर कप्पे हवेत. सुतारांनी 1,400 रुपये फुटाने 1,12,000 सांगितले. 1,50,000 ची एकच एफडी आहे, महिन्याला 10,000 शिल्लक पडतात. एफडी मोडू की 14 टक्क्यांनी कर्ज काढू?

उत्तर: ताई, दोन्ही नको. दोन वर्षांच्या कर्जाला हप्ता 5,400 च्या आसपास बसेल आणि व्याजच 17,000 जाईल. आणि एकुलती एफडी दवाखान्यासाठी असते, फर्निचरसाठी नव्हे.

त्याआधी सुतारांनी दिलेलं ड्रॉइंग घेऊन बसा. भाव समोरून दिसणाऱ्या चौरस फुटाला लावलाय. खालचे ड्रॉवर 15 फूट, वरचा माळा 15, दोन्ही बाजूंची कपाटं मिळून 15. उरलेले 35 फूट म्हणजे टीव्हीमागची सपाट फळी. तिच्यात टाचणीही ठेवता येत नाही, पण त्याच भावाने तिचे 49,000 होतात!

माळाही काढा. आमच्या घरी मी हौसेने केला होता. स्टूल घेऊन वर्षातून दोनदा उघडतो.

माझा हिशोब असा. खाली 7 फूट लांब, दीड फूट उंच ड्रॉवर, एका बाजूला दीड फूट रुंद आणि 7 फूट उंच कपाट. मिळून 21 फूट, 29,400 रुपये. टीव्हीमागे 4 बाय 3 ची पातळ फळी, तिला 500 चा वेगळा भाव मागा: 6,000. वायरिंग धरून 40,000 च्या आत बसेल. चार महिन्यांची शिल्लक.

ड्रॉवरची खोली 15 इंच पुरे, नाहीतर छोट्या हॉलमध्ये सोफ्यासमोरून जाताना गुडघा आपटतो. ते जमिनीपासून 6 इंच उचलून घ्या, खालून झाडू फिरतो. 43 इंची टीव्हीचा मध्य जमिनीपासून 40 इंचांवर ठेवा, बसल्यावर मान वर करावी लागत नाही. मागची फळी खिळ्यांनी नको, स्क्रूने. एखादी वायर बदलायची झाली की सोडवता येते.

भिंत बाहेरची आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर आपल्याकडच्या पावसात हा प्रश्न आधी. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला टेपने चिकटवा आणि दोन-तीन दिवसांनी काढून बघा. भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतून येतेय. मग आधी बाहेरून गिलावा आणि वॉटरप्रूफिंग, युनिट त्यानंतर. तसंच ठोकलंत तर मागून बुरशी धरेल आणि कपड्यांना वास लागेपर्यंत कळणारही नाही. कोरडी निघाली तरी कपाटाची पाठ भिंतीपासून अर्धा इंच सुटी ठेवायला सांगा.

कोटेशन मात्र नव्याने, प्रत्येक भागाचा भाव वेगळा लिहून घ्या. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का आहे का, तेही कापायच्या आधी शीटवर बघा. सनमायका चढल्यावर काही दिसत नाही.